धागा: दशमान अंक पोचले, पण हिशोब का नाही बदलला?

रेवातीर
लहानपणापासून एवढंच वाचत आलो की शून्य आणि दशमान पद्धत भारतातून अरबांकडे गेली, तिथून युरोपात गेली आणि तिथला व्यापार बदलला. तारखा लावून पाहिलं तर हे इतकं सरळ दिसत नाही. युफ्रेटिसकाठच्या केन्नेश्रे मठातला बिशप सेव्हेरस सेबोख्त इ.स. ६६२ मध्येच भारतीयांच्या नऊ चिन्हांची स्तुती करतो. स्पेनमधल्या आल्बेल्दा मठातल्या ९७६ च्या हस्तलिखितात हे अंक आहेत. पिसाच्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. तरीही १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांचा संघ आपल्या सभासदांना हे अंक हिशोबवहीत वापरायला मनाई करतो.

इतकी सोयीची गोष्ट हाताशी असताना व्यापाऱ्यांना ती घ्यायला एवढा वेळ का लागला? 'चर्चचा विरोध' हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. हिशोब प्रत्यक्षात कसा करत असत, या बाजूने कोणी सांगू शकेल का?

सह्यकडा
शून्य आर्यभटाने ४९९ मध्ये शोधलं आणि त्याच्याही आधी आपल्या नाणेघाटात अंक कोरलेले आहेत. युरोपला हे कळायला हजार वर्षं लागली यात नवल काय? तिकडे तेव्हा अंधारयुगच होतं.

नंदिनी_न
माझ्या मुलीच्या अबॅकसच्या क्लासमध्ये मण्यांवर तीन आकडी गुणाकार पटापट करतात. मग मण्यांपेक्षा कागद बरा असं म्हणायचं आहे का तुम्हाला? क्लास चालू ठेवावा की नाही?

पाटीपुराण
@सह्यकडा, नाणेघाटाचा उल्लेख केलात ते बरं झालं. जुन्नरजवळच्या त्या सातवाहन लेखात अंक आहेत, पण स्थानिक किंमत नाही. तिथे दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत आणि शंभराच्या किंवा हजाराच्या चिन्हाला जोड देऊन सातशे, चार हजार असे आकडे केले आहेत. अशा पद्धतीत शून्याची गरजच पडत नाही. आर्यभटाने 'स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्' हे स्पष्ट सांगितलं आहे, म्हणजे स्थानमूल्य त्याला पक्कं माहीत होतं. पण शून्याशी बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसे करायचे याचे नियम मांडले ब्रह्मगुप्ताने, ६२८ मध्ये. आणि तारीख नक्की असलेलं, डोळ्यांनी दिसणारं शून्य शोधाल तर कंबोडियातल्या सांबोरच्या लेखात शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३, हा आकडा मधल्या टिंबासह आहे. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ चा लेख आहे. त्यात २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बागेचं दान आहे आणि रोजच्या ५० माळांची सोय. २७० आणि ५० मधली शून्यं आजही वाचता येतात.

@रेवातीर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते पाटीत आहे. प्रवास एकट्या अंकांचा झाला नाही. अंकांबरोबर धूळ पसरलेली पाटी गेली आणि त्या पाटीवरच्या रीतीही गेल्या. त्या रीती पुसण्यावर आधारलेल्या होत्या. एक गुणाकार करून दाखवतो, म्हणजे अडचण कुठे आहे ते दिसेल.

कुश्यार इब्न लब्बान याने इ.स. १००० च्या सुमारास हिंदी गणनेवर अरबीत पुस्तक लिहिलं. त्यातलं उदाहरण आहे ३२५ गुणिले २४३. धुळीत वर ३२५ लिहायचे, खाली २४३, पण असे सरकवून की खालचा ३ हा वरच्या ३ च्या बरोबर खाली येईल:

```
  ३२५
२४३
```

आता डावीकडून सुरुवात. वरचा ३ घ्या. ३ गुणिले २ म्हणजे ६, तो खालच्या २ च्या डोक्यावर लिहा. ३ गुणिले ४ म्हणजे १२. त्यातले २ हे ४ च्या डोक्यावर, हातचा १ शेजारच्या ६ मध्ये मिळवा, म्हणजे ६ पुसून ७. ३ गुणिले ३ म्हणजे ९, आणि हा ९ त्याच वरच्या ३ ला पुसून त्याच्या जागी बसवायचा. वरची ओळ झाली ७२९२५.

मग खालचे २४३ एक घर उजवीकडे सरकवा, म्हणजे तेही पुसून पुन्हा लिहा. आता वरच्या २ ने तीच कृती केली की वरची ओळ होते ७७७६५. पुन्हा एक घर सरकवा, वरच्या ५ ने गुणा, वरची ओळ ७८९७५. हेच उत्तर.

रीत सुरेख आहे. जागा कमी लागते आणि उत्तर आपोआप गुण्याच्या जागी उमटतं. पण शेवटी पाटीवर काय उरलं? फक्त उत्तर आणि गुणक. ३२५ गेले, मधली एकही पायरी उरली नाही. दुसऱ्या घरात सरकवताना चुकून दोन घरं सरकवलं असेल तर ती चूक शोधायला काहीच हाताशी नाही. सगळं पुन्हा करायचं.

तर्कट
पण मग धूळपाटी भारतात शतकानुशतकं कशी चालली? आपले ज्योतिषी ग्रहणं वर्तवायचे, तिथे तर आकडे केवढे मोठे.

पाटीपुराण
ज्योतिषाला शेवटचा आकडा हवा असतो, तो पंचांगात उतरवून घेतला की काम झालं. त्याच्या गणिताला प्रतिपक्ष नसतो. व्यापाऱ्याला असतो. भागीदार विचारतो, 'हे ७८९७५ आले कुठून?' तेव्हा दाखवायला कागद लागतो.

आणि नेमकं हेच दमास्कसमध्ये लिहिलेलं सापडतं. अल-उक्लिदिसीने ९५२-५३ मध्ये हिंदी गणनेवर ग्रंथ लिहिला आणि त्यात पाटी टाकून शाई-कागदावर याच क्रिया कशा कराव्यात ते दाखवलं. त्याची कारणं मोठी जिवंत आहेत. पाटीवर आकडे पुसावे लागतात, म्हणून तपासता येत नाही. बोटं धुळीने भरतात. आणि प्रतिष्ठित माणसाला चारचौघांत पाटी काढायची लाज वाटते, कारण रस्त्यावर भविष्य सांगून पोट भरणाऱ्यांच्या हातात ती दिसते. कागद मात्र हवा. बगदादेत आठव्या शतकाच्या अखेरीपासून कागद तयार होत होता, म्हणून तो हे सुचवू शकला. चर्मपत्रावर कच्चा गुणाकार कोण करणार?

इटलीत फाब्रियानोला कागद बनू लागला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. रेवातीर, तुमचा १२०२ ते १३०० चा काळ यात बसवून पाहा.

रेवातीर
हे खूपच पटण्यासारखं आहे. पण कागदावर आल्यावर रीत बदलली कशी? पुसायचं त्या जागी खोडायचं, इतकंच?

पाटीपुराण
सुरुवातीला अगदी तेवढंच. युरोपातल्या जुन्या भागाकारांत ढीगभर खोडलेले आकडे दिसतात. वरच्या बाजूला आकड्यांवर आकडे चढत जाऊन सगळ्याला गलबताचा आकार येतो, म्हणून इटलीत त्याला गलबताचंच नाव पडलं. ती दुसरी तिसरी काही नसून धूळपाटीचीच रीत आहे, पुसण्याऐवजी काट मारलेली. शाळेत आपण शिकतो तो भागाकार, जिथे प्रत्येक वजाबाकी खाली खाली लिहीत जातो, तो कागद स्वस्त झाल्यावरचा.

वखारवाला
पाटीपुराण यांच्याशी बराचसा सहमत, पण एक दुरुस्ती सुचवतो. व्यापाऱ्यांचा मूळ प्रश्न 'अंक विरुद्ध रोमन आकडे' असा नव्हताच. रोमन आकड्यांत कोणी गुणाकार करत नसे. ते फक्त नोंदीपुरते. आकडेमोड व्हायची रेघा आखलेल्या फळ्यावर, खडे किंवा सोंगट्या सरकवून. आणि वहीत सर्वात जास्त लागते ती बेरीज, ती या फळ्यावर झटकन होते. शिवाय पैसा दशमान नव्हताच! एक लिरा म्हणजे २० सोल्दी, एक सोल्दो म्हणजे १२ देनारी. फळ्यावर या तिघांना तीन रेघा दिल्या की हातचा कुठे १२ ला आणि कुठे २० ला जातो ते दिसतं. दहाच्या पटीतले अंक इथे काहीच जास्त देत नाहीत.

फरक पडतो तो त्रैराशिकात. समजा १०० रतल मिरीला १३ लिरा ६ सोल्दी ८ देनारी पडतात, तर ३७ रतलांना किती? सगळ्याचे देनारी करा: १३ गुणिले २४० म्हणजे ३१२०, ६ गुणिले १२ म्हणजे ७२, वर ८. एकूण ३२००. याला ३७ ने गुणा, १,१८,४००. शंभराने भागा, ११८४ देनारी. परत फिरवा: २४० ने भागून ४ लिरा, उरले २२४, त्यात १८ सोल्दी, उरले ८. उत्तर ४ लिरा १८ सोल्दी ८ देनारी. मधला गुणाकार फळ्यावरही होतो, पण खडे ढकलले की मागची पायरी संपली. त्यातून समोर पिसाचा माल, उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदराचं वजन आणि तिसऱ्याच गावचं नाणं असेल तर अशी तीन-चार त्रैराशिकं एकापुढे एक लावावी लागतात. तिथे कागदावरचे अंक निर्विवाद जिंकतात. फिबोनाचीचे वडील बुजियाच्या जकात कचेरीत पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम पाहत होते, आणि त्याच्या ग्रंथाचा मोठा भाग याच प्रकारच्या उदाहरणांचा आहे. त्रैराशिक आपल्याकडचंच, हे वेगळं सांगायला नको.

सह्यकडा
म्हणजे अंकांबरोबर त्रैराशिकही गेलं. हे मला माहीत नव्हतं. नाणेघाटाचा मुद्दा मागे घेतो, पण अभिमान ठेवतो :)

जुनीवही
धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे पणजोबांच्या किराणा दुकानाची खातेवही आहे, मोडीत. त्यात रकमेपुढे उभ्या आणि आडव्या रेघा आहेत, उदा. ५।।।= असं. अंक तर कळतात, रेघांचं काय? हेही स्थानमूल्यच का?

वखारवाला
नाही, आणि ते इथे फार चपखल आहे. प्रत्येक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. तीन उभ्या म्हणजे बारा आणे. आडवी रेघ एकेका आण्याची, म्हणून = म्हणजे दोन. तुमची रक्कम पाच रुपये चौदा आणे. रुपयांचा ५ स्थानमूल्याने, पुढचं सगळं रेघा मोजून. आपल्याकडे दशमान अंक दीड हजार वर्षं असूनही पैसा १ एप्रिल १९५७ पर्यंत सोळाच्या आणि बाराच्या हिशोबात होता. म्हणून तर पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी पाठ करावी लागे. लिरा-सोल्दीवाल्यांची अडचण समजायला आपल्याला लांब जायला नको.

जुनीवही
वा! आता सगळं पान लागलं. मनापासून धन्यवाद.

पूर्वरंग
प्रवास फसल्याचंही एक उदाहरण नोंदवतो, कारण पाटीपुराण यांच्या मुद्द्याला त्याने बळ येतं. ७१८ मध्ये चांग-आनच्या दरबारातला भारतीय वंशाचा ज्योतिर्विद गौतम सिद्ध याने चिनी भाषेत भारतीय अंक समजावून दिले आणि रिकाम्या घरात टिंब द्यायचं हेही सांगितलं. चीनने ते घेतले नाहीत. कारण तिथे काड्या मांडून आकडेमोड होत होती आणि तीही दशमान स्थानांचीच होती. रिकामं घर रिकामं ठेवायचं, की झालं. काड्या मांडणाऱ्याला टिंबाची गरज नव्हती. चिनी गणितग्रंथात गोल शून्य यायला १२४७ उजाडलं.

तर्कट
पण मग शून्य लागतं तरी कधी? खड्यांच्या फळ्यावर नको, काड्यांत नको, नाणेघाटात नको.

पाटीपुराण
@तर्कट, हाच कळीचा प्रश्न आहे. फळ्यावर घरं आधीच आखलेली असतात, म्हणून रिकामं घर स्वतःच दिसतं. इ.स. १००० च्या सुमारास फ्रान्समध्ये गेर्बेरने हेच अंक सोंगट्यांवर लिहून फळ्यावर वापरायला शिकवले आणि त्याला नऊच पुरले. सेबोख्तने नऊ म्हटले तेही ध्यानात घ्या. धुळीत रेघा नसतात. वरचं उदाहरण ३२५ ऐवजी ३०५ चं घ्या. मधे टिंब नसेल तर ३ आणि ५ यांच्यात एक घर मोकळं आहे की दोन, की काहीच नाही, हे बोटाच्या अंतरावरून ठरवायचं. आणि नुसतं वाचायचं नाही, त्या रिकाम्या घराशीही २४३ ला थांबून एक घर पुढे जावं लागतं. तिथे न थांबलात तर ७४,११५ च्या जागी ३५ चा गुणाकार होऊन ८,५०५ येतील. शून्य हे आखलेली घरं नसलेल्या पृष्ठभागावरचं चिन्ह आहे, असं मला वाटतं. यावर मतभेद होऊ शकतील.

पूर्वरंग
मतभेद आहे :) आपल्याकडे भूतसंख्येत शून्याला ख, अंबर, आकाश असे शब्द श्लोकात गुंफत. तिथे ना पाटी ना पृष्ठभाग. तोंडी पाठांतरात रिकाम्या स्थानाचा उच्चार करावाच लागतो. शून्याची गरज तिथूनही आली असेल.

पाटीपुराण
हो, ही शक्यता मी नाकारू शकत नाही. कदाचित दोन्ही वाटा एकत्र आल्या.

नंदिनी_न
माझा प्रश्न राहिला बहुतेक :) पण आता मीच उत्तर काढलं: मण्यांना तारा आखलेल्या असतात, म्हणून तिला शून्य लावावं लागत नाही. वहीत करताना मात्र मधलं शून्य हमखास विसरते! दर वेळी तीच चूक.

पाटीपुराण
नंदिनीताई, अगदी हेच. क्लास चालू ठेवा, पण वहीत चौकटींचा कागद द्या.

रेवातीर
फ्लॉरेन्सच्या मनाईकडे परत येतो. कागद होता, त्रैराशिक होतं, तरी १२९९ मध्ये बंदी का?

वखारवाला
बंदी आकडेमोडीवर नव्हती, वहीतल्या रकमेवर होती. रक्कम अक्षरांत लिहा, एवढंच. सहसा दिलं जाणारं कारण असं की ० चा ६ किंवा ९ करणं एका फटक्याचं काम, आणि शेवटी एक आकडा चिकटवला की रक्कम दहापट. रोमन आकड्यांत शेवटचा i लांब ओढून j करत, पुढे कोणी भर घालू नये म्हणून. आपण आजही चेकवर आकड्यांबरोबर अक्षरी रक्कम लिहून पुढे 'फक्त' लिहितो, त्यामागेही हीच धास्ती. स्थानमूल्याचा जो गुण आहे, जागेने किंमत बदलणं, तोच वहीत दोष ठरला.

तर्कट
मला हे पूर्ण पटत नाही. रोमनमध्येही v चा x करता येतोच की. कदाचित लेखापरीक्षकांना नवे अंक वाचताच येत नसतील, आणि एकेका गुरूचे अंकांचे आकारही वेगळे असतील.

वखारवाला
तेही खरं असू शकतं. छपाई येईपर्यंत ४, ५, ७ चे आकार बरेच बदलते होते. पण आतली आकडेमोड थांबली नाही, हे नक्की. १३३८ च्या सुमाराच्या एका समकालीन वृत्तान्तात फ्लॉरेन्समध्ये सहा हिशोबशाळा आणि त्यांत हजार ते बाराशे मुलं असल्याचं म्हटलं आहे. ही मुलं पेढ्यांवर गेली, आणि वह्या बदलल्या त्या त्यांच्या हातून.

सह्यकडा
एक शंका. आपल्याकडे चौकटींत तिरक्या रेघा मारून गुणाकार करतात, तो परत आला का तिकडून? कोकणातल्या गणेश दैवज्ञाचं नाव वाचलं होतं.

पाटीपुराण
चांगली आठवण. गणेश दैवज्ञाची लीलावतीवरची टीका १५४५ ची, आणि तिच्यात तो चौकटींचा गुणाकार आहे. पण मोरोक्कोच्या इब्न अल-बन्नाकडे आणि इटलीत तो त्याच्या आधीच दिसतो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये १३५ गुणिले १२ म्हणजे १६२० हे उदाहरण देऊन अनेक रीती सांगितल्या, पण त्यांत ही नाही. म्हणजे कागदावर जन्मलेली रीत पश्चिमेकडून परत आली, की इथे स्वतंत्रपणे निघाली? मला खात्रीने सांगता येणार नाही. या रीतीत काहीच पुसावं लागत नाही, म्हणजे ती धुळीची नसून कागदाची आहे, एवढं मात्र दिसतं.

रेवातीर
आणि धूळपाटीवर चूक तपासता येत नाही म्हणता, तर नवांचा ताळा होता ना?

पाटीपुराण
होता, आणि पुसून गेलेल्या पायऱ्यांना तोच आधार होता. पण मूळ आकडे आधी कुठेतरी टिपलेले हवेत. ३२५ चे अंक मिळवून १०, म्हणजे १. २४३ चे ९, म्हणजे ०. गुणाकार ०. ७८९७५ चे ३६, म्हणजे ०. जुळलं. पण आकड्यांची अदलाबदल होऊन ७८९५७ झाले तरी जुळतंच! आणि शून्य गाळलं तर ताळ्याला काही कळत नाही, कारण ३०५ आणि ३५ दोन्हींची बेरीज ८.

वखारवाला
म्हणूनच फिबोनाची नवावर थांबत नाही, ७ आणि ११ नेही ताळा घ्यायला सांगतो. ११ साठी उजवीकडून एकाआड एक मिळवा-वजा करा. ३२५ चे ५−२+३ म्हणजे ६, २४३ चे ३−४+२ म्हणजे १, गुणाकार ६. ७८९७५ चे ५−७+९−८+७ म्हणजे ६, जुळलं. ७८९५७ चे येतात १०, चूक पकडली. ३०५ चे ८ आणि ३५ चे २, गळालेलं शून्यही पकडलं.

नंदिनी_न
आणि दोन शून्यं गाळली तर? ३००५ चे ३५? माझी मुलगी तेही करू शकते.

वखारवाला
करून पाहिलं. ११ ने ३००५ चे २ आणि ३५ चेही २. नवाने दोन्हींचे ८. दोन्ही ताळे फसले. ७ ने मात्र ३००५ ला २ उरतात आणि ३५ ला ०.

जुनीवही
वाखू साठवली. पणजोबांच्या वहीतल्या बेरजा आज रात्री सात आणि अकराने ताडून बघतो, आणे वेगळे काढून.